मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्रिज्या चुकीची येतेय? आधी सिलेक्टर तपासा, मग मोठा मॅग्नेट

क्रॉस्ड फील्डचा व्हेलॉसिटी सिलेक्टर आणि त्यापुढे अर्धवर्तुळाचा मॅग्नेट, असं साधं मास स्पेक्ट्रोमीटर मी बरीच वर्षं सांभाळतोय. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तीच तक्रार घेऊन येतं की गणितात त्रिज्या एक येते आणि कलेक्टरवर पीक भलतीकडेच दिसतं. आणि प्रत्येक जण पहिला संशय मोठ्या मॅग्नेटवर घेतो, पण माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या सिलेक्टरमध्ये किंवा थेट कागदावर निघतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

आकडे आमच्या सेटिंगचे घेतो म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. गॅस निऑन. सिलेक्टरच्या दोन प्लेटांमधलं अंतर 5 मिलीमीटर, एकीवर +50 आणि दुसरीवर −50 व्होल्ट, म्हणजे E = 20,000 व्होल्ट प्रति मीटर. सिलेक्टरमधलं चुंबकीय क्षेत्र B₁ = 0.2 टेस्ला. प्लेटांची लांबी 10 सेंटीमीटर, शेवटी अर्ध्या मिलीमीटरची फट. पुढच्या मोठ्या मॅग्नेटचं क्षेत्र B₂ पण 0.2 टेस्ला. फटीतून निघालेला आयन अर्धवर्तुळ फिरून कलेक्टरवर येतो, कलेक्टर एका पट्टीवर मागेपुढे सरकवता येतो आणि करंट कुठे सगळ्यात जास्त आहे ते बघायचं.

सिलेक्टरमधून सरळ तोच जातो ज्याच्यावरची दोन्ही बलं सारखी आणि उलट आहेत, म्हणजे qE = qvB₁, म्हणून v = E/B₁ = 1,00,000 मीटर प्रति सेकंद. पुढे r = mv/(qB₂). निऑन-20 साठी r = 10.36 सेंटीमीटर, निऑन-22 साठी 11.40 सेंटीमीटर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे सारखे लागतील.

लक्षणं

- पीक हिशोबाच्या बरोब्बर दुप्पट किंवा निम्म्या अंतरावर दिसतं.
- दोन्ही पीक दिसतात पण दोन्ही सारख्याच टक्क्यांनी आत किंवा बाहेर सरकलेले.
- दोन्ही पीक दिसतात पण एकमेकांच्या फार जवळ.
- निऑन-20 दिसतो, निऑन-22 चा पत्ताच नाही.
- सकाळी पीक जागेवर, तासाभरात बाहेर सरकलेलं.
- पीक बुटकं, पसरट, एका बाजूला शेपटी असलेलं.
- काहीच दिसत नाही.

आता तपासण्या. ज्याला काहीच लागत नाही ते आधी.

1. कागद आणि पट्टी

कलेक्टरची पट्टी जे अंतर दाखवते ते फटीपासूनचं अंतर असतं, म्हणजे व्यास. निऑन-20 चं पीक 20.72 सेंटीमीटरवर दिसलं पाहिजे, 10.36 वर नाही. "दुप्पट येतंय" म्हणून आलेल्या तक्रारी मी जवळजवळ सगळ्या इथेच मिटवल्यात.

दुसरं म्हणजे दोन B एकच समजणं. पूर्ण सूत्र r = mE/(qB₁B₂) असं आहे आणि त्यात दोन वेगळी क्षेत्रं आहेत. आमच्याकडे दोन्ही 0.2 असल्यामुळे ही चूक लपते आणि मग कोणी B₂ बदलून 0.25 केला की उत्तर बिघडतं, कारण त्याने वेगाच्या सूत्रातही 0.25 घातलेला असतो. गॉसमीटर 2000 दाखवत असेल तर ते 0.2 टेस्ला, हेही एकदा बघून घ्या.

निम्म्या अंतरावर खरंच पीक असेल, म्हणजे 10.36 वर, तर तो बहुतेक दोन इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन-20 आहे. वेग तोच, चार्ज दुप्पट, म्हणून त्रिज्या निम्मी. त्याची खूण अशी की तो ॲक्सिलरेटिंग व्होल्टेज, म्हणजे सोर्समधून आयनांना ढकलणारं व्होल्टेज, साधारण 518 ला मिळतो, पूर्ण व्होल्टेजला नाही. आधी यंत्रात आर्गॉन वापरला असेल तर आणखी एक घोळ होतो, दोन चार्जचा आर्गॉन-40 हा बरोबर निऑन-20 च्या जागी येऊन बसतो कारण यंत्राला फक्त m/q कळतो. निऑन बंद करूनही पीक राहिलं तर तो निऑन नाहीये.

2. दोन पीकांचं गुणोत्तर

ही तपासणी मला सगळ्यात जवळची, कारण हिला फक्त एक भागाकार लागतो आणि अर्धा शोध इथेच संपतो. बाहेरच्या पीकाचं अंतर भागिले आतल्या पीकाचं अंतर काढा.

सिलेक्टर आपलं काम करत असेल तर दोन्ही आयनांचा वेग सारखा, मग E, B₁, B₂ काहीही चुकलेलं असलं तरी ते भागाकारात कटून जातं आणि उत्तर वस्तुमानांचं गुणोत्तर म्हणजे 1.10 येतं. सिलेक्टर काम करत नसेल तर दोन्ही आयन सारख्या वेगाने नाही तर सारख्या ऊर्जेने येतात, हलका वेगात आणि जड सावकाश, आणि मग त्रिज्या वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. तेव्हा उत्तर 1.05 च्या जवळ येतं.

म्हणजे 1.10 आलं आणि जागा चुकलीय तर कुठलंतरी मूल्य चुकलंय, तपासणी 3 ला जा. 1.05 आलं तर सिलेक्टर निवड करतच नाहीये, दोन्ही पीक साधारण 1 सेंटीमीटर अंतरावर दिसतात, जिथे 2.07 सेंटीमीटर दिसायला हवं होतं.

1.05 येण्याचं कारण मी पुन्हापुन्हा एकच बघितलंय आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पुस्तकातल्या गणितात सोर्समधून सगळ्या वेगांचे आयन येतात असं धरलेलं असतं. 1930 च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ बेनब्रिजने सिलेक्टर लावलेलं यंत्र केलं तेव्हा डिस्चार्ज ट्यूबमधून येणाऱ्या आयनांचे वेग खरंच विखुरलेले असायचे आणि म्हणून निवडायला काहीतरी होतं. आपला सोर्स तसा नाही. आपण आयनांना एकाच ठरलेल्या व्होल्टेजने ढकलतो आणि त्यांच्या ऊर्जेत फार फार तर काही इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक असतो. निऑन-20 ला 1,00,000 चा वेग यायला 1036 व्होल्ट लागतात आणि निऑन-22 ला तोच वेग यायला 1140. व्होल्टेज 1036 वर ठेवलं तर निऑन-22 चा वेग सुमारे 95,300 च राहतो, त्याच्यावरचं चुंबकीय बल कमी पडतं आणि विद्युत बल त्याला एका बाजूला ओढत नेतं, 10 सेंटीमीटरच्या प्रवासात साधारण 2 मिलीमीटर. फट अर्ध्या मिलीमीटरची, तो भिंतीवर जातो. बरोबरच आहे ते, सिलेक्टरने त्याचं काम केलं.

पण माणसाला वाटतं निऑन-22 हरवला, म्हणून तो फट उघडतो, चांगली चार-पाच मिलीमीटर, आणि निऑन-22 दिसतो खरा पण चुकीच्या वेगाने आलेला. मग त्रिज्या जुळत नाही. उपाय उलटा आहे. फट परत अर्ध्या मिलीमीटरवर आणा आणि ॲक्सिलरेटिंग व्होल्टेज 1036 वरून 1140 वर न्या, निऑन-22 आपल्या जागी म्हणजे 22.79 वर येईल आणि त्याच वेळी निऑन-20 गायब होईल. दोन्ही एकाच वेळी दिसणार नाहीत, या सोर्सने ते व्हायचंच नाही, म्हणून 1.10 हे गुणोत्तर दोन्ही पीक आपापल्या व्होल्टेजला एकेक करून मोजले की मिळतं. आणि निऑन-22 मुळात निऑनमध्ये 9 टक्क्यांच्या आसपासच असतो, 20 हा 90 च्या वर, म्हणून त्याचं पीक दहापट बुटकं असणार, इलेक्ट्रोमीटरची रेंज खाली घेऊन बघा.

3. ॲक्सिलरेटिंग व्होल्टेज फिरवून खरा वेग काढा

गुणोत्तर 1.10 आहे पण दोन्ही पीक सरकलेत. आता E चुकलाय, B₁ चुकलाय की B₂? बरेच जण इथे थेट चुंबकीय क्षेत्र मोजणारी हॉल प्रोब शोधायला लागतात. गरज नाही. निऑन-20 साठी ॲक्सिलरेटिंग व्होल्टेज पाच-पाच व्होल्टने फिरवा, प्रत्येक ठिकाणी कलेक्टर थोडा मागेपुढे करून सगळ्यात जास्त करंट लिहून घ्या, आणि कुठल्या व्होल्टेजला करंट सगळ्यात जास्त येतो ते बघा. त्या व्होल्टेजवरून qV = ½mv² लावून सिलेक्टर प्रत्यक्षात कुठला वेग सोडतोय ते कळतं, आणि यात B₂ कुठेच येत नाही.

जास्तीत जास्त करंट 1036 च्या जवळ आला तर सिलेक्टर ठीक आहे, दोष B₂ मध्ये किंवा पट्टीच्या शून्यात. दुसरीकडे कुठे आला तर दोष सिलेक्टरमध्ये. दोनचार व्होल्टचा फरक सोडून द्या, आयन सोर्सच्या आत जिथे तयार होतो तिथलं व्होल्टेज डिस्प्लेवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नसतं.

गेल्या खेपेचं उदाहरण सांगतो. निऑन-20 दिसत होता 19.5 वर, निऑन-22 दिसत होता 21.4 वर. भागाकार 1.10, म्हणजे निवड होतेय. दोन्ही 6 टक्के आत. व्होल्टेज फिरवलं तर जास्तीत जास्त करंट 915 च्या आसपास. 915 व्होल्टला निऑन-20 चा वेग 94,000, म्हणजे वेगच 6 टक्के कमी. जी मुलं हा प्रयोग करत होती त्यांनी तोपर्यंत दोन दिवस मोठ्या मॅग्नेटचा करंट कमीजास्त करून पीक जागेवर आणायचा प्रयत्न केला होता, आणि पीक आलंही होतं जागेवर, पण दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. असं कधी करू नका, कारण पुढे दुसरा गॅस लावून E किंवा B₁ बदलला की सगळं परत विस्कटतं.

4. सिलेक्टरच्या प्लेटा: दिशा आणि खरं व्होल्टेज

काहीच दिसत नसेल तर आधी दिशा. E आणि B₁ ची बलं एकमेकांविरुद्ध असली पाहिजेत, वायरी अदलाबदल झाल्या तर दोन्ही बलं एकाच बाजूला ओढतात आणि एकही आयन फटीपर्यंत पोचत नाही. प्लेटांच्या वायरी उलटवून बघा, एवढंच. ऋण आयनांसाठी प्लेटा उलटवायच्या का असं खूपदा विचारतात, तर नाही, चार्जचं चिन्ह बदललं की दोन्ही बलं एकदम उलटतात आणि तोल तसाच राहतो. सोर्सचं व्होल्टेज मात्र उलटवावं लागतं, आणि पुढच्या मॅग्नेटमध्ये तो दुसऱ्या बाजूला वळतो.

आता वरच्या उदाहरणातले 6 टक्के. वेग कमी म्हणजे E कमी किंवा B₁ जास्त. B₁ आपोआप वाढायला कारण लागतं, E कमी व्हायला मात्र फारसं लागत नाही, म्हणून आधी प्लेटा. सप्लायच्या डिस्प्लेवर +50 आणि −50 होते, पण डिस्प्ले सप्लायच्या आतलं व्होल्टेज दाखवतो, प्लेटपर्यंत पोचलेलं नाही. मध्ये सुरक्षेसाठी प्रत्येक वायरीत 1 मेगाओमचा रेझिस्टर असतो.

ॲक्सिलरेटिंग सप्लाय पूर्ण बंद करून आणि त्याची वायर ग्राउंडला जोडून मगच हे माप घ्या. इथे एक गोष्ट माहीत नसेल तर मल्टीमीटरच फसवतो. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स 10 मेगाओम असतो, तो 1 मेगाओमच्या मागे लावला की सगळं व्यवस्थित असतानाही 50 च्या जागी 45.5 दाखवतो. म्हणून एकच आकडा बघून काही ठरवू नका. आधी वायर फीडथ्रूपासून, म्हणजे चेंबरच्या भिंतीतून ती जिथे आत जाते त्या जोडापासून, काढून मोजा, मग जोडून मोजा. प्लेट खुली असेल तर दोन्ही वेळा तोच आकडा आला पाहिजे.

आमच्याकडे ऋण प्लेट दोन्ही वेळा 45.5. धन प्लेट काढून 45.5, जोडून 40.4. म्हणजे कुठूनतरी गळती, हिशोब केला तर साधारण 7.3 मेगाओमची. मल्टीमीटर नसताना तीच गळती प्लेटला 50 च्या जागी 44 व्होल्ट देते, दोन्ही प्लेटांमधला फरक 100 च्या जागी 94, आणि तुमचे 6 टक्के तिथे सापडले.

5. कॉइलचा करंट

पीक वेळेनुसार बाहेर सरकत असेल तर इथे बघा. सप्लाय कॉन्स्टंट व्होल्टेजवर असेल तर कॉइल तापते, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, 15 अंश तापमान वाढलं की करंट जवळपास 6 टक्के खाली येतो आणि त्रिज्या तेवढीच वाढते. सप्लाय कॉन्स्टंट करंट मोडवर टाका. दोन्ही मॅग्नेटच्या कॉइल सिरीजमध्ये असतील तर अजून वाईट, कारण B₁ पण कमी होतो, वेग वाढतो, आणि 1 टक्का करंटला त्रिज्या 2 टक्के सरकते. फक्त त्या वेळी नवा वेग मिळवायला ॲक्सिलरेटिंग व्होल्टेजही वर न्यावं लागतं, नाहीतर पीक सरकायच्या ऐवजी नुसतं विझत जातं.

करंट वर नेताना आणि खाली आणताना पीक वेगळ्या जागी येत असेल तर तो लोखंडाचा हिस्टेरेसिस, म्हणजे आधीच्या चुंबकत्वाचा काही भाग लोखंडात उरलेला असतो. नेहमी शून्यापासून वर जाऊन एकाच बाजूने सेट करा. हॉल प्रोब लावायचीच वेळ आली तर ती आयनांच्या वाटेवर लावा, पोलच्या मधोमध नाही, आणि सरळ धरा, 20 अंश तिरकी झाली तर तीच 6 टक्के कमी दाखवेल.

6. व्हॅक्यूम

पीक पसरट असेल तर. फटीपासून कलेक्टरपर्यंत अर्धवर्तुळाची वाट 32 सेंटीमीटरच्या वर आहे. 10⁻³ मिलिबारला हवेच्या रेणूंमधला सरासरी मोकळा प्रवास फक्त 6-7 सेंटीमीटर असतो, म्हणजे आयन वाटेत चारपाचदा तरी आपटणार. 10⁻⁵ ला तो 6-7 मीटर होतो, मग काळजी नाही. पण गेज पंपाजवळ बसवलेला असेल तर चेंबरमधला दाब त्याहून जास्त असतो, आणि निऑन आत सोडत असताना तर नक्कीच. निऑनचा व्हॉल्व्ह थोडा कमी करा, पीक बुटकं होऊनही टोकदार झालं तर कारण हेच होतं.

कुठे थांबायचं

इथपर्यंत सगळं बाहेरून, चेंबर बंद ठेवून होतं. पुढचं स्वतः करू नका.

ॲक्सिलरेटिंग सप्लायचं झाकण उघडायचं नाही. स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर हजार व्होल्ट राहू शकतात, ते हाय व्होल्टेज शिकलेल्या माणसाचंच काम. प्लेटांचं व्होल्टेज ग्राउंडपासून मोजायची जी पद्धत वर सांगितली ती फक्त सोर्स हाय व्होल्टेजवर आणि सिलेक्टर ग्राउंडजवळ असलेल्या यंत्रासाठी. काही यंत्रांत उलटं असतं, सिलेक्टरच किलोव्होल्टवर तरंगत असतो, तिथे मल्टीमीटर लावूच नका, आधी सर्किट बघा आणि कळलं नाही तर विचारा.

चेंबर उघडणं, टर्बो पंप थांबवणं, पोलचे तुकडे हलवणं हेही टेक्निशियनला द्या. तपासणी 3 मध्ये वेग बरोबर नाही, प्लेटांचं व्होल्टेज बरोबर आहे, करंट स्थिर आहे आणि तरीही जुळत नाही, तर बहुतेक सिलेक्टरच्या तोंडाशी B₁ प्लेटांच्या बाहेरपर्यंत पसरलेला आहे आणि आयनाला E मिळायच्या आधीच धक्का बसतोय. त्यावर लोखंडी शंट बसवावा लागतो, क्षेत्र मोजून मोजून, आणि ते ज्याने आधी केलंय त्यानेच करावं.

आमच्या गळतीचंही तेच झालं. ती फीडथ्रूवर आहे एवढं कळल्यावर मी थांबलो आणि व्हॅक्यूमवाल्या टेक्निशियनला सगळे आकडे लिहून दिले. त्याने फीडथ्रू काढला तर पांढऱ्या सिरॅमिकवर करडा थर चढलेला होता, सोर्सजवळचा धातू आयनांच्या माऱ्याने उडून तिथे बसला होता. त्याने तो बदलला आणि सोर्सच्या बाजूने एक छोटा आडोसा लावला. नंतर जोडून आणि काढून दोन्ही वेळा 45.5, करंट सगळ्यात जास्त 1035 व्होल्टला, निऑन-20 पट्टीवर 20.7.